‘ही खरेदी माझी नाही’

कोल्हापुरातला एक चप्पल-व्यापारी स्वतःच्या वेबसाइटवरून अमेरिकेत माल पाठवतो, असे समजू. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला पेमेंट गेटवेकडून ईमेल येतो. न्यू जर्सीतल्या एका कार्डधारकाने १४८ डॉलरची खरेदी आपली नसल्याचे बँकेला कळवले आहे. ती रक्कम आणि वर चार्जबॅकचे शुल्क तुमच्या खात्यातून वळते केले आहे. आक्षेप असेल तर अमुक तारखेच्या आत पुरावे द्या. व्यापारी तडक कुरिअरची कागदपत्रे काढतो. माल पोहोचला आहे, घेणाऱ्याची सही आहे, दारात ठेवलेल्या खोक्याचा फोटोही आहे. एवढे सगळे हातात असताना आपण हरू कसे, असे त्याला वाटते. तो ते सगळे जोडून पाठवतो, आणि हरतो.

तारखा आणि रकमा समजायला सोप्या जाव्यात म्हणून घेतल्या आहेत. पण या गोष्टीतला प्रत्येक वळसा परदेशी कार्डे स्वीकारणाऱ्या लहान व्यापाऱ्यांच्या वाट्याला नेहमी येतो. हरण्याचे कारणही बहुतेकदा एकच असते. बँकेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्याने दिलेलेच नसते. माल मिळाला नाही, अशी कार्डधारकाची तक्रार नव्हती. कार्ड माझे, पण खरेदी मी केली नाही, असे तो म्हणत होता. कुरिअरची सही सांगते की खोके कुणाच्या तरी हाती पडले. ते मागवणारा आणि कार्डाचा मालक यांचा काही संबंध आहे का, हे ती सांगत नाही.

म्हणून चार्जबॅकचे पत्र आले की आधी त्यातला कारणाचा कोड पाहायचा. व्हिसा कार्डावर ऑनलाइन खरेदी ओळखीची नाही, असा दावा असेल तर तिथे 10.4 असते. मास्टरकार्डवर सहसा 4837 दिसते. हे कोड म्हणजे फसवणुकीचे, अर्थात मालकाच्या परवानगीविना कार्ड वापरल्याचे आरोप. माल न मिळणे, खराब निघणे, परतावा न मिळणे यांना वेगळे कोड आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे. 10.4 ला उत्तर देताना दुकानाचे परताव्याचे नियम जोडणे निरुपयोगी आहे, कारण परताव्याविषयी कुणी विचारलेलेच नाही. या लेखात पुढचे सगळे व्हिसाच्या 10.4 विषयी आहे. मास्टरकार्डचे नियम वेगळे आहेत, एकाचे दुसऱ्याला लागू पडत नाहीत.

इथे एक प्रश्न साहजिक पडतो. भारतात कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी लागतो, मग हे प्रकरण उद्भवतेच कसे? रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी जादा पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. त्यामुळे देशातल्या देशात कार्डाच्या क्रमांकावर भागत नाही. बँक स्वतः ग्राहकाची ओळख पटवते. बँकेनेच ओळख पटवली असल्यामुळे पुढे फसवणुकीचा दावा झाला तरी त्याचा भार सहसा व्यापाऱ्यावर येत नाही. पण ही सक्ती परदेशी बँकांनी दिलेल्या कार्डांना लागू नाही. अमेरिकी कार्डावर क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले की पुष्कळदा पैसे वळते होतात. ओटीपीच्या सवयीत वाढलेल्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याला हा फरक पहिल्या चार्जबॅकपर्यंत जाणवतच नाही. पैसे आले, म्हणजे बँकेने खात्री केली असणार, असे तो धरून चालतो. बँकेने एवढेच पाहिलेले असते की कार्ड चालू आहे आणि त्यावर शिल्लक मर्यादा आहे.

अमेरिकी ग्राहकाच्या बाजूने कायदाही भक्कम आहे. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेण्याची रीतसर वाट दिली. परवानगीविना झालेल्या वापरासाठी कार्डधारकावर कायद्याने ५० डॉलरपेक्षा जास्त बोजा पडत नाही, आणि कार्ड कंपन्यांच्या स्वतःच्या नियमांमुळे तोही बहुतेक वेळा शून्यावर येतो. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहारावर बोट ठेवून ‘हा माझा नाही’ असे निवडले की काम सुरू होते. हे संरक्षण असायलाच हवे. चोरी झालेल्या माणसाने आपण निर्दोष असल्याचे पुरावे गोळा करत फिरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मात्र त्याचा परिणाम असा, की सिद्ध करण्याची जबाबदारी व्यापाऱ्याकडे सरकते, तीही हजारो मैलांवर बसलेल्या व्यापाऱ्याकडे.

आता आपल्या चप्पल-व्यापाऱ्याच्या ऑर्डरकडे बारकाईने पाहू. ऑर्डर ६ नोव्हेंबरची आहे. दोन जोड मागवले आहेत. वेबसाइटवरचे खाते एका बाईंचे आहे, कार्डावर त्यांच्या नवऱ्याचे नाव आहे आणि माल न्यू जर्सीत नव्हे, तर टेक्ससमध्ये त्यांच्या बहिणीकडे भेट म्हणून गेला आहे. नवऱ्याला या भेटीची कल्पना नव्हती. महिनाअखेरीला स्टेटमेंट आले तेव्हा त्यात दुकानाचे ओळखीचे नाव नव्हते. बँक खाते ज्या जुन्या फर्मच्या नावाने आहे, तिचे इंग्रजी आद्याक्षरांतले नाव तिथे छापून आले होते. भारतातल्या कुठल्याशा अनोळखी फर्मने १४८ डॉलर घेतले, एवढेच त्याला दिसले. त्याने १० डिसेंबरला बँकेकडे दावा केला. यात लबाडी कुणाचीच नाही. कार्डाच्या धंद्यात याला ‘फ्रेंडली फ्रॉड’ म्हणतात, पण घरातल्या एकाने केलेली खरेदी दुसऱ्याला न ओळखता येणे याला फसवणूक म्हणणे हे त्या माणसावर अन्याय करणारे आहे. अर्थात माल वापरून मुद्दाम ‘मी नाही’ म्हणणारेही असतात. बाहेरून दोघे सारखेच दिसतात आणि दोघांपुढे ठेवायचा पुरावाही तोच असतो.

या ऑर्डरसाठी कुरिअरची सही पाठवली की काय होते, ते आता दिसेल. कार्डधारक राहतो न्यू जर्सीत, सही आहे टेक्ससमधल्या वेगळ्या आडनावाच्या व्यक्तीची. बँकेतल्या तपासनिसाला तो कागद चोरीचा पुरावा वाटेल. चोरलेल्या कार्डावरचा माल चोर आपल्याच सोयीच्या पत्त्यावर मागवतो. व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने कार्डधारकाची बाजू बळकट केली.

माल कार्डाच्याच पत्त्यावर गेला असता तर गोष्ट थोडी वेगळी होती. अमेरिकेत पैसे भरताना ग्राहकाने टाकलेला पत्ता बँकेकडच्या पत्त्याशी ताडून पाहण्याची सोय आहे, तिला एव्हीएस म्हणतात. उत्तर एका अक्षरात येते. Y म्हणजे रस्ता आणि पिनकोड दोन्ही जुळले, Z म्हणजे नुसता पिनकोड जुळला, N म्हणजे काहीच नाही. पूर्ण जुळलेल्या पत्त्यावरच माल पोहोचल्याचा पुरावा व्हिसाच्या नियमांत ग्राह्य धरलेला आहे, आणि त्यासाठी सहीचीही अट नाही. पण ग्राह्य म्हणजे निर्णायक नव्हे. असा पुरावा आला की बँकेने तो कार्डधारकापुढे ठेवायचा असतो. तरीही तो ‘माझे नाही’ म्हणाला तर बँक कारण नोंदवून दावा पुढे रेटू शकते. फोटो, ईमेलवरचा पत्रव्यवहार, ग्राहकाने मालाविषयी विचारलेले प्रश्न, हेही याच जातीचे पुरावे आहेत. ते बाजू भक्कम करतात, पण शेवटचा शब्द समोरच्याच्या हाती राहतो.

हा तोल एका विशिष्ट परिस्थितीत व्यापाऱ्याच्या बाजूला झुकवणारा नियम व्हिसाने एप्रिल २०२३ मध्ये आणला. त्याचे नाव कम्पेलिंग एव्हिडन्स ३.०. आपल्या व्यापाऱ्याची ऑर्डर वाचवू शकणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यामागचा विचार साधा आहे. याच कार्डावर याच दुकानातून, याच ग्राहकाने पूर्वी खरेदी केली असेल, ती त्याने कधीही नाकारली नसेल, आणि आजची ऑर्डर त्याच उपकरणावरून किंवा त्याच इंटरनेट जोडणीवरून आली असेल, तर अनोळखी चोराने ती केली हे पटण्याजोगे राहत नाही. या अटी पूर्ण झाल्या तर नुकसानीची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते.

अटी मात्र काटेकोर आहेत. पूर्वीचे किमान दोन व्यवहार हवेत, त्याच कार्डावरचे आणि फसवणुकीची कसलीही तक्रार नसलेले. ते दाव्याच्या तारखेआधी १२० दिवसांहून जुने आणि ३६५ दिवसांच्या आतले असले पाहिजेत. यातला १२० चा आकडा मनाला आला म्हणून घेतलेला नाही. कार्डधारकाला फसवणुकीचा दावा करायला सहसा १२० दिवस मिळतात. त्यापेक्षा जुन्या खरेदीवर हरकत घेण्याची वेळ निघून गेलेली असते, म्हणून ती खरेदी कार्डधारकाने मान्य केली असे धरता येते. परवाची खरेदी उद्या नाकारली जाऊ शकते, तिचा आधार घेता येत नाही.

आपल्या व्यापाऱ्याच्या वहीत याच खात्यावरून, याच कार्डावर आणखी चार ऑर्डरी आहेत. पहिली आदल्या वर्षीच्या २० ऑक्टोबरची, दिवाळीची. दुसरी १४ मार्चची. तिसरी २ जुलैची. चौथी २८ सप्टेंबरची. दाव्याची तारीख १० डिसेंबर धरून मागे मोजले तर पहिली ऑर्डर ४१६ दिवसांपूर्वीची निघते, ती बाद. सप्टेंबरची फक्त ७३ दिवसांची आहे, तीही बाद. मार्चची २७१ आणि जुलैची १६१ दिवसांची. या दोन बसतात, आणि दोनच लागतात. घाईत असलेला व्यापारी नेमकी सगळ्यांत ताजी, सप्टेंबरची ऑर्डर पुढे करतो आणि ऐनवेळी अट मोडते.

दोन जुने व्यवहार सापडले की पुढची पायरी जुळणीची. ग्राहकाचे खाते किंवा लॉगिन, माल पाठवण्याचा पत्ता, आयपी पत्ता आणि उपकरणाची ओळख, या चारांपैकी किमान दोन गोष्टी वादातल्या ऑर्डरमध्ये आणि दोन्ही जुन्या ऑर्डरींमध्ये सारख्या असल्या पाहिजेत. त्या दोनांपैकी एक तरी आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असायलाच हवी. नुसते खाते आणि पत्ता जुळून चालत नाही. पासवर्ड चोरीला जातो, पत्ता कुणालाही माहीत असू शकतो.

मार्च आणि जुलैच्या चपला न्यू जर्सीच्या घरी गेल्या होत्या, नोव्हेंबरच्या टेक्ससला. म्हणजे पत्ता जुळत नाही. जुन्या ऑर्डरी घरच्या वायफायवरून झाल्या, नोव्हेंबरची बाहेर असताना मोबाइल डेटावरून. आयपी पत्ताही जुळत नाही. खाते तेच आहे, ही एक जुळणी झाली. आता सगळे उपकरणावर येऊन ठेपते. तिन्ही ऑर्डरी त्याच फोनवरून दिल्या गेल्या होत्या, आणि वेबसाइटवर गेटवेचे फसवणूक-तपासणीचे कोड बसवलेले असल्यामुळे प्रत्येक ऑर्डरबरोबर त्या फोनची तांत्रिक ओळख, म्हणजे डिव्हाइस फिंगरप्रिंट, नोंदली गेली होती. खाते आणि उपकरण अशा दोन जुळण्या झाल्या. अट पूर्ण.

ही नोंद नसती तर? मग हा दावा या नियमाने जिंकता आला नसता. फोन तोच होता हे खरे असूनही ते दाखवता आले नसते. या सगळ्या प्रकरणात व्यापाऱ्यांनी मनावर घ्यावे असे काही असेल तर ते हे आहे. चार्जबॅक आल्यावर पुरावा तयार करता येत नाही, तो ऑर्डर येते त्या क्षणी साठवलेला असावा लागतो, आणि निदान वर्षभर जपलेला. अनेक तयार दुकान-सॉफ्टवेअर आयपी पत्ता नोंदवतात, पण काही होस्टिंग सेवा नोंदी काही आठवड्यांत पुसून टाकतात. काही ठिकाणी ग्राहकाच्या आयपी पत्त्याऐवजी मधल्या सर्व्हरचा पत्ता नोंदला जातो. मग शेकडो ऑर्डरींसमोर एकच आकडा दिसतो. एकदा ऑर्डरींची यादी उघडून वेगवेगळ्या गावच्या ग्राहकांचे आयपी पत्ते वेगवेगळे आहेत ना, एवढे पाहिले तरी ही चूक उघडी पडते.

पुरावा आहे, आता तो मांडायचा. पत्र बँकेतला माणूस वाचणार असतो, त्याच्यापुढे अशी अनेक प्रकरणे असतात. एक पान पुरते. पहिल्याच वाक्यात दावा कोणत्या कोडखाली आहे आणि तो कोणत्या नियमाखाली नाकारला जात आहे, हे यावे. मग तीन ओळींचा तक्ता असावा. मार्च, जुलै, नोव्हेंबर. प्रत्येकासमोर तारीख, रक्कम, मालाचे वर्णन, खाते आणि उपकरणाची ओळख. त्यानंतर टेक्ससच्या पत्त्याचा खुलासा. ऑर्डर देताना ‘भेट म्हणून पाठवा’ हा पर्याय निवडला होता आणि सोबत बहिणीसाठी मजकूर लिहिला होता, त्याचे चित्र जोडावे. या क्रमाने आले तर कुरिअरचा कागदही उपयोगी पडतो, कारण आता तो गोष्टीचा शेवट सांगतो. राग, प्रामाणिकपणाची ग्वाही, दुकान किती पिढ्यांचे आहे, हे काही लिहू नये. चित्रे सुवाच्य असावीत. मराठीतल्या संभाषणाचा फोटो जोडला तर खाली इंग्रजी भाषांतर द्यावे. मुदतीकडेही लक्ष हवे. गेटवेला पुढे बँकेपर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून तो व्यापाऱ्याला कार्ड कंपनीच्या मुदतीपेक्षा कमी दिवस देतो, आणि ती तारीख उलटली की उत्तर कितीही चांगले असले तरी वाचले जात नाही.

दरम्यान ग्राहकाला फोन करायला हरकत नाही. पुष्कळदा गैरसमज तिथेच दूर होतो. नवरा म्हणतो, अरे हो, हिने पाठवल्या होत्या. पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. दावा मागे घेतल्याचे त्याने बँकेला कळवायला हवे, शक्य असेल तर बँकेचे तसे पत्र मिळवावे, आणि तरीही पुरावे वेळेत दाखल करावेत. ‘मी मागे घेतो’ असे तोंडी सांगून विसरून जाणारे ग्राहक असतात, आणि उत्तर न देणारा व्यापारी आपोआप हरतो. आणखी एक गोष्ट. चार्जबॅक आल्यानंतर ग्राहकाला शांत करण्यासाठी वेगळा परतावा देऊ नये. बँकेने पैसे आधीच काढून घेतलेले असतात, त्यामुळे रक्कम दोनदा जाते.

काही दावे लढायचेच नसतात. त्याच दुकानात त्याच आठवड्यात दुसरी एक ऑर्डर आली होती, असे धरू. पहिल्यांदाच आलेला ग्राहक, सहा जोड, सगळे एकाच मापाचे. एव्हीएसचे उत्तर N. माल डेलावेअरमधल्या एका गोदामाच्या पत्त्यावर, जिथून लोक माल पुढे दुसऱ्या देशात पाठवून घेतात. तासाभरात तीन वेगवेगळ्या कार्डांवर प्रयत्न फसले, चौथे चालले. या कार्डाचा मालक ‘माझी खरेदी नाही’ म्हणत असेल तर तो खरेच बोलतो आहे. त्याच्याविरुद्ध कुरिअरची सही पुढे करण्यात अर्थ नाही आणि ते बरोबरही नाही. गेटवेच्या पॅनलवर दावा मान्य करून मोकळे व्हावे. अशी ऑर्डर अडवायची वेळ ती पाठवण्याआधीची असते. खोके बंद करण्यापूर्वी वरच्या चार खुणा कुणीतरी पाहायला हव्या होत्या.

नव्या ग्राहकाच्या बाबतीत कम्पेलिंग एव्हिडन्स ३.० कामाचा नाही, कारण जुने व्यवहारच नसतात. तिथे उपाय एकच खात्रीचा आहे, ग्राहकाच्या बँकेकडूनच ओळख पटवून घेणे. यासाठीच्या व्यवस्थेला थ्री-डी सिक्युअर म्हणतात. आपला ओटीपी त्याच व्यवस्थेवर चालतो, आणि बरेच गेटवे परदेशी कार्डांसाठीही ती मागण्याची सोय देतात. बँकेने ओळख पटवली तर व्हिसाच्या व्यवहारावर ECI 05 ही नोंद उमटते आणि फसवणुकीचा भार सर्वसाधारणपणे बँकेवर जातो. व्यापाऱ्याने मागणी केली पण बँकेकडून पूर्ण पडताळणी झाली नाही, तर 06 उमटते. तिथेही बहुतेक वेळा संरक्षण मिळते. 07 म्हणजे पडताळणी नाही, जोखीम व्यापाऱ्याची. चार्जबॅक आल्यावर ही नोंद सर्वांत आधी पाहावी, कारण 05 असेल तर बाकी पुराव्यांची गरज सहसा उरत नाही. याची किंमत अशी, की अमेरिकी ग्राहकाला या जादा पायरीची सवय नाही आणि काहीजण खरेदी अर्धवट सोडून जातात. म्हणून सरसकट सगळ्यांना न लावता पहिल्यांदा येणारे, मोठ्या रकमेचे आणि पत्ता न जुळणारे यांनाच ती लावणे हा मध्यम मार्ग लहान दुकानांना परवडतो.

आणि स्टेटमेंटवर छापले जाणारे नाव. ते गेटवेच्या सेटिंगमध्ये किंवा गेटवेला विनंती करून बदलता येते. जागा वीस-बावीस अक्षरांचीच असते, तेवढ्यात फर्मचे नाव न घालता वेबसाइटचे नाव घालावे, जमल्यास सोबत फोन नंबर दिसेल असे पाहावे. न्यू जर्सीतल्या त्या नवऱ्याला आद्याक्षरांऐवजी बायको ज्या दुकानातून नेहमी चपला मागवते त्याचे नाव दिसले असते, तर त्याने बँकेचे ॲप उघडण्याआधी तिला विचारले असते.